जाळी बदलायच्या आधी मधली काच कुठे आहे ते बघा

प्रश्न: ताळगावला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, खिडक्या थ्री ट्रॅक स्लायडिंग, जाळीचं शटर बिल्डरनेच दिलंय, तरी डास येतातच. आणखी बारीक जाळी घ्यावी का, कितीची? बाल्कनीच्या दाराला (सहा बाय सात फूट, टू ट्रॅक) जाळीच नाही, तिथे काय बसवू? आणि फटी कशाने बंद करायच्या?

उत्तर:

आधी जाळीवर एक रुपयाही घालू नका. पर्वरी, ताळगाव, दोनापावला या पट्ट्यात मी अॅल्युमिनियमचं काम करतो आणि "जाळी आहे तरी डास येतात" म्हणून जे फोन येतात त्यात जाळीच्या भोकातून डास येतोय असं फार क्वचित निघतं, तो येतो शटर आणि शटर यांच्या मधून, आणि थ्री ट्रॅकमध्ये ती वाट बहुतेक वेळा आपणच उघडी ठेवलेली असते, काच चुकीची सरकवून.

खिडकीसमोर आतून उभे राहा. तीन ट्रॅक आहेत. बहुतेक फ्लॅटमध्ये बाहेरच्या ट्रॅकवर एक काच, मधल्या ट्रॅकवर दुसरी काच आणि आपल्या बाजूच्या ट्रॅकवर जाळी असते. समजा बाहेरची काच डावीकडे आणि मधली काच उजवीकडे बंद आहे. आता वारा हवा म्हणून लोक काय करतात, हाताला आधी लागते ती मधली काच डावीकडे ढकलतात आणि जाळी उजवीकडे आणतात, किंवा पाऊस आत येतो म्हणून मधली काच अर्धीच उघडतात. दिसायला उघड्या भागावर जाळी आहे, पण काच अर्धी उघडली की जाळीची उभी पट्टी काचेच्या मधोमध येऊन उभी राहते, आणि काच तर स्वतःच्या फ्रेममध्ये आत बसलेली असते, त्यामुळे पट्टी आणि काच यांच्यात बोट जाईल एवढी उभी फट वरपासून खालपर्यंत राहते. डास उघड्या भागातून आत शिरतो, जाळी आणि काच यांच्या मधल्या बोळातून आडवा येतो आणि त्या फटीतून खोलीत. चार फूट उंच खिडकी असेल तर चार फुटांचा दरवाजा झाला तो.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा: मधली काच आणि जाळी, ही दोन्ही विरुद्ध टोकांना, पूर्ण टोकापर्यंत, आणि हवा कमीजास्त करायची ती फक्त बाहेरच्या काचेने. वरच्या उदाहरणात मधली काच उजवीकडेच राहू द्या, जाळी डावीकडे न्या, बाहेरच्या काचेच्या पुढ्यात, आणि मग जाळी जरा बाजूला करून बाहेरची काच हवी तेवढी सरकवा, अर्धी सरकवा, चार बोटं सरकवा, काही फरक पडत नाही, कारण खोली आणि बाहेर यांच्यामध्ये आता जाळी अधिक मधली काच अशी पूर्ण भिंत तयार झाली. काही खिडक्यांत जाळी सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर असते, तिथेही मधली काच आणि जाळी विरुद्ध टोकांना, आतली काच मोकळी.

मधली काच उजवीकडेच का ठेवायची, दोन्ही शटर उलट बाजूला नेली तर काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. बिघडतं ते असं की काचेच्या दोन उभ्या पट्ट्या सारख्या नसतात. खिडकीच्या मध्यावर येणाऱ्या पट्टीला इंटरलॉक म्हणतात, तिला आकडा आणि ब्रश असतो, आणि भिंतीकडची पट्टी साधी असते, तिला शेजारच्या शटरला चिकटायला काही दिलेलंच नसतं. काच उलट टोकाला नेली की साधी पट्टी मध्यावर येते आणि जाळीच्या पट्टीशी तिचा मेळ बसत नाही, पाच ते दहा मिलिमीटर फट राहते. तेव्हा लॉक लावल्यावर मधली काच जिथे असते तेच तिचं घर, तिथून ती हलवायची नाही, पुसायला वगैरे हलवली तर परत जागेवर.

पर्वरीतल्या एका घरात दोनदा जाळी बदलून झाली होती, दुसऱ्यांदा तर इतकी बारीक की आजोबा म्हणाले, "डास तेवढेच, वारा मात्र गेला." रात्री खोलीत अंधार केला, त्यांच्या मुलाला बॉल्कांवात टॉर्च घेऊन उभं केलं आणि बाहेरून खिडकीच्या कडेकडेने उजेड फिरवायला सांगितला. जाळीच्या मधून उजेड येणारच, तो सोडून द्यायचा, पण मध्यावरच्या पट्टीशेजारी वरपासून खालपर्यंत सरळ उजळ रेघ दिसली. शटर जागेवर नेल्यावर रेघ वरच्या अर्ध्यात विरली, खालच्या अर्ध्यात राहिली. तिथला ब्रश बोटाने चाचपला तर केस दाबून चपटे झालेले आणि खालची वीतभर पट्टी खोबणीतून सरकून पडून गेलेली. म्हणजे दोन कारणं होती, एक सवयीचं आणि एक ब्रशचं, आणि जाळीचा दोष कुठेच नव्हता.

तुम्हीही ही टॉर्चची तपासणी करा, ती झाल्याशिवाय कुठलंच सामान आणू नका. जिथे उजेड दिसेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, मग लाइट लावून प्रत्येक तुकड्याजवळ आगपेटीची काडी घालून बघा. काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते, ती सहज आत गेली तर डास येणार असं धरून चाला. काडी अडकली पण पुसट उजेड दिसतोय, ब्रशच्या केसांतून येतो तसा, तर ती जागा सोडून दिली तरी चालेल.

आता फटी एकेक करून.

मध्यावरची उभी फट ब्रशने बंद होते, दुकानात त्याला वूल पाईल म्हणतात. घेताना दोन मापं लागतात, खोबणीत बसणाऱ्या पट्टीची रुंदी आणि केसांची उंची. जुन्या ब्रशचा इंचभर तुकडा ओढून काढा आणि तोच दुकानात न्या, रुंदी त्यावरून जुळवा. उंची मात्र जुन्यावरून घेऊ नका, तो दबलेला असतो. शटर जागेवर ठेवून फट मोजा आणि त्याहून एक-दोन मिलिमीटर जास्त उंचीचा घ्या, म्हणजे फट सहा असेल तर सात-आठचा. जास्त उंच घेतला तर शटर जड सरकतं आणि मग घरातली माणसं ते ढकलायचा कंटाळा करून जाळी उघडीच ठेवतात, हे मी बऱ्याच घरात बघितलंय. ब्रश घातल्यावर खोबणीची दोन्ही टोकं पकडीने हलकी दाबा, नाहीतर सहा महिन्यांत तो खाली सरकून येतो. खोबणीच नसेल तर मागे गोंद असलेला ब्रश मिळतो, पण आपल्या खारट दमट हवेत तो टिकायचा असेल तर आधी अॅल्युमिनियम स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच चिकटवा, आणि हे काम पावसाळ्यात करू नका.

भिंतीकडच्या कडेला फट असेल तर ती सरळ आहे की निमुळती ते बघा. वर जास्त आणि खाली कमी, किंवा उलट, अशी असेल तर ब्रश घालायच्या आधी शटर तिरकं बसलंय हे समजायचं. शटरच्या खालच्या कोपऱ्याजवळ बाजूला एक भोक असतं, आत बेअरिंगचा स्क्रू, तो स्टार स्क्रूड्रायव्हरने फिरवून ज्या बाजूला शटर बसलंय ती बाजू उचला, फट सरळ झाली की बरेचदा तिथेच काम संपतं. स्क्रू फिरूनही शटर उचलत नसेल तर बेअरिंग गेलंय, समुद्राजवळ लोखंडी पिनेचं बेअरिंग गंजून अडकतं, बदलताना नायलॉनच्या चाकाचं आणि स्टेनलेस पिनेचं मागा.

खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लांबट भोकं दिसतील, ती पाणी जायची. त्यातून डासही येतो, आणि ही फट लोक सिलिकॉन भरून बंद करतात. कृपा करून करू नका. जूनमध्ये वाऱ्याबरोबर पाऊस खिडकीवर आपटला की ट्रॅकमध्ये पाणी साचणारच, ते त्या भोकांतून बाहेर गेलं नाही तर आतल्या कडेवरून थेट गादीवर येतं. त्याऐवजी स्टेनलेस जाळीचा छोटा तुकडा कापा, भोकापेक्षा सगळीकडून अर्धा सेंटीमीटर मोठा, आणि बाहेरून फक्त कडांना सिलिकॉनचा ठिपका देऊन लावा, मधला भाग मोकळा. तिसऱ्या मजल्यावर बाहेर वाकून हे करू नका, शटर आत काढून हात पोचत असेल तरच, नाहीतर कामगाराला बोलवा. आणि मे महिन्यात जुन्या टूथब्रशने ते तुकडे साफ करा, मातीने बंद झाले तर सिलिकॉन भरल्यासारखंच. सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला खातं.

फ्रेम आणि भिंत किंवा ग्रॅनाइट यांच्यातली फट मात्र पक्की बंद करायचीच, तिथून पाणीही येतं. बारीक असेल तर थेट न्यूट्रल सिलिकॉन, बोटाएवढी असेल तर आधी फोमची दोरी कोंबा आणि वरून सिलिकॉन, नुसतं सिलिकॉन ओतत बसलात तर ट्यूब संपेल आणि ते आत वाळणारही नाही. एसीचा पाइप जिथून बाहेर जातो तिथला पुट्टीचा गोळा एकदा दाबून बघा, सुकून सुटलेला असतो आणि पलंगाच्या बरोबर वर असतो.

एवढं करून मग जाळीकडे या. जाळीचा नंबर म्हणजे एका इंचात किती दोरे, आडवे आणि उभे. पट्टी जाळीवर धरून एक इंचातली भोकं मोजा, मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा केला तर मोजायला सोपं जातं. १८ बाय १६ निघाली तर डासांसाठी ती पुरेशी आहे, त्या जाळीचं भोक साधारण सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतं आणि त्यातून मोठा डास जात नाही, मग तो दिवसा चावणारा डेंग्यूवाला असो की रात्रीचा मलेरियावाला. बिल्डरने १४ बाय १४ किंवा त्याहून मोकळी दिली असेल तर भोक दीड मिलिमीटरच्या वर जातं, ती बदला.

२० बाय २० कधी घ्यायची? तुमच्या खिडकीखाली खाजन, खारफुटी किंवा मानशीचं पाणी असेल आणि संध्याकाळी डासांपेक्षा बारीक चावरी चिलटं त्रास देत असतील तर. त्यात भोक एक मिलिमीटरपर्यंत येतं, चिलटं बरीच अडतात, सगळी नाही, त्यातली काही इतकी लहान असतात की तीही शिरतात. पण हवेचा हिशोब लक्षात घ्या. पाव मिलिमीटरपेक्षा थोडा जाड दोरा धरला तर १८ बाय १६ मध्ये सुमारे दोन तृतीयांश भाग मोकळा राहतो, २० बाय २० मध्ये साठ टक्क्यांच्या आसपास. कागदावर फरक थोडा वाटतो, पण बारीक भोकांत धूळ आणि मीठ लवकर अडकतं, आणि मे महिन्यात पंधरा दिवस न धुतलेली बारीक जाळी म्हणजे निम्मी खिडकी बंदच. त्याच्याही पुढच्या बारीक जाळ्या दुकानदार दाखवेल, घराच्या खिडकीला त्या घेऊ नका.

मटेरियल: ताळगावच्या हवेत अॅल्युमिनियमची जाळी नको, तिच्यावर पांढरी पूड येते आणि मग ती बोट लावलं तरी तुटते. फायबरची, म्हणजे पीव्हीसी चढवलेली काचेच्या धाग्याची जाळी, गंजत नाही आणि स्वस्त पडते, फक्त मांजर असेल किंवा पोरं टेकत असतील तर ती फाटते आणि कोपऱ्यातून सुटते. स्टेनलेस घ्यायची तर ३१६ ग्रेड, ३०४ ला समुद्राजवळ चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके येतात. लोहचुंबक लावून दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा कोटेशन आणि बिल दोन्हींवर ३१६ लिहून घ्या. तुम्ही समुद्रापासून आत असाल आणि घरात मांजर नसेल तर मी फायबरच सांगेन, पैसे ब्रश आणि बेअरिंगवर घाला.

फायबर जाळी घरच्या घरी बदलता येते. शटर काढून सपाट जमिनीवर ठेवा, आधी दोन्ही कर्ण टेपने मोजा, त्यात तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कोपऱ्याचे स्क्रू ढिले करून शटर काटकोनात आणा, नाहीतर नवीन जाळी त्या वाकड्या शटरला कायमचं वाकडं धरून ठेवेल. जुनं रबर खोबणीतून ओढून काढा आणि तेच नमुना म्हणून दुकानात न्या, अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी एकतर बसत नाही किंवा बसून सुटतं. जाळी सगळीकडून दोन इंच जास्त कापा. लांब बाजूपासून सुरुवात करा, छोट्या चाकाने रबर खोबणीत दाबत जा, कोपऱ्यात कापू नका, वळवून पुढे न्या. इथे एकच गोष्ट जपायची: जाळी हाताने ताणू नका. रबर बसताना ती आपोआप ताणली जाते. ढोलकीसारखी कडक केली की उभ्या पट्ट्या मध्यावर आत ओढल्या जातात, शटर कंबरेत बारीक होतं, आणि जी फट तुम्ही ब्रशने बंद केली तीच मध्यावर पुन्हा उघडते. बसवून झाल्यावर वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा, सारखी आली पाहिजे. पाच-साडेपाच फुटांच्या वर उंच शटर असेल तर मध्ये आडवी पट्टी टाकून घ्या.

बाल्कनीचं दार. तुमचं टू ट्रॅक आहे म्हणजे दोन्ही ट्रॅकवर काचा, जाळीला जागा नाही. तुमच्या मापाला मला दोनच पर्याय पटतात. पहिला म्हणजे आतल्या बाजूने, आतल्या काचेला लागून, एक सिंगल ट्रॅक फ्रेम जोडून त्यावर तीन फुटांपेक्षा थोडं रुंद जाळीचं शटर. असं केलं की दार थ्री ट्रॅक झालं आणि वरचाच नियम लागू: आतली काच (आता ती मधली झाली) आपल्या जागेवर बंद, जाळी दुसऱ्या टोकाला, ये-जा बाहेरच्या काचेच्या बाजूने. ट्रॅक आतून जोडायला सांगतो कारण बाहेर जोडला की त्याच्या स्क्रूच्या भोकांतून पावसाचं पाणी मूळ फ्रेममध्ये उतरतं. फॅब्रिकेटरला एवढंच बजावा की जाळीच्या मधल्या पट्टीचा ब्रश काचेच्या इंटरलॉकवर टेकला पाहिजे, काचेवर नाही, आणि माप घेताना दाराची रुंदी वर, मध्ये, खाली तिन्हीकडे घे. तसंच जुन्या दाराचं हँडल किंवा लॉक आत किती बाहेर आलंय ते आधी मोजून घ्या, ते जाळीच्या शटरला आपटत असेल तर ट्रॅक तेवढा आत घ्यावा लागतो आणि मग फटही तेवढी वाढते, अशा वेळी हँडलच चपटं बदललेलं बरं.

दुसरा पर्याय प्लीटेड जाळी, घड्या पडत बाजूला जाणारी. खालचा ट्रॅक अगदी बसका असतो, घरात म्हातारी माणसं असतील, पाय अडकायची भीती असेल तर हाच घ्या. पण पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीला पावसाळ्याच्या वाऱ्यात ती फुगते आणि खालच्या ट्रॅकमधून वर उचलली जाते, तेव्हा वाऱ्याच्या दिवशी काच लावूनच ठेवावी लागते. बसवणाऱ्याकडून मिटल्यावरचं लोहचुंबक वर आणि खाली दोन्हीकडे पूर्ण चिकटतंय का ते तिथल्या तिथे काडी घालून तपासून घ्या, दार भिंतीत जरा जरी कललेलं असेल तर वर चिकटतं आणि खाली उघडं राहतं, आणि पायाचा चावा तिथूनच मिळतो. लोहचुंबकाचा पडदा भाड्याच्या घराला ठीक, सहा फूट रुंद दाराला नाही, मध्ये लोंबतो.

टाइल्स आणि दाराचा खालचा ट्रॅक यांच्यात कोपऱ्याला बरेचदा फट असते कारण फरशीला बाल्कनीकडे उतार दिलेला असतो. तिथेही काडी घाला.

हे सगळं होऊन आठवडा गेला, टॉर्चला कुठे रेघ दिसत नाही, आणि तरीही दिवसा पायाला पांढरे पट्टे असलेला काळा डास चावत असेल, तर तो आतच तयार होतोय. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची बशी, न वापरलेल्या बाथरूमचा फ्लश टँक बघा, पाणी ओतून टाका आणि कडा घासून काढा कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. बाथरूमच्या काचेच्या लूव्हरना जाळी आहे का तेही बघा, बिल्डर तिथे बहुतेक देतच नाही. लूव्हरच्या आतून अॅल्युमिनियम अँगलची चौकट करून १८ बाय १६ फायबर लावा आणि चौकट चार स्क्रूवर ठेवा, चिकटवू नका, कारण तिथली धूळ आणि ओल यामुळे ती दर दोन महिन्यांनी काढून धुवावी लागते.